चार घरं, पहिलं अक्षर ‘दि’



शब्दकोड्यात आडवा शब्द अडलाय. सूत्र आहे ‘सूर्य’, घरं चार, आणि उभ्या शब्दामुळे पहिल्या घरात ‘दि’ आलेला आहे. आता काय करायचं?

आधी मोजण्याचं बघू. मराठी कोड्यात एका घरात काना-मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर यांच्यासकट एक पूर्ण अक्षर बसतं. म्हणून भास्कर तीन घरांचा, मार्तंडही तीनच घरांचा.

समानार्थी शब्दांकडे जायला दोन दारं आहेत. अमरकोश अर्थानुसार रचलेला आहे. त्यात सूर्याची नावं एकापाठोपाठ एक येतात, पण पहिल्या अक्षराचा माग आपणच काढायचा. शब्दकोश अक्षरानुसार लावलेला असतो. पहिलं अक्षर हाती असेल तेव्हा मी दुसऱ्या दारानं जातो. ‘सूर्य’ हा शब्द उघडतच नाही. थेट ‘दि’ची पानं काढतो आणि अर्थाच्या बाजूला ‘सूर्य’ कुठे दिसतो ते बघतो. दिनकर, दिनमणी, दिनेश, दिवाकर. (जुन्या कोशात ‘दिनमणि’ ऱ्हस्व भेटेल, 1962च्या नियमांनी शेवटचा इकार दीर्घ झाला.) दिनेश तीन घरांचा, तो गेला. उरले तिघे.

इथे बहुतेक जण जो शब्द आधी सुचला तो लिहून टाकतात. तसं करू नका. तिघांना एकाखाली एक मांडा. शेवटच्या घरात ‘र’ मिळाला, तर दिनमणी बाद होईल. पण दिनकर आणि दिवाकर यांचा निकाल लागणार नाही. तिसऱ्या घरातला ‘क’ही दोघांना सामाईक. भांडण फक्त दुसऱ्या घराचं आहे: ‘न’ की ‘वा’? म्हणून त्या घरातून खाली जाणारा उभा शब्द आधी सोडवायचा. समजा तिथं सूत्र आहे ‘तुफान’, तीन घरं. ‘वादळ’ बसतं. म्हणजे आडवा शब्द दिवाकर.

आता उलटी अडचण. हेच सूत्र, हीच चार घरं, पण पहिलं अक्षर ‘प’. कोश पालथा घातला, एकही शब्द बसेना. अशा वेळी आपला शब्दसंग्रह कमी पडला असं मानण्याआधी त्या ‘प’कडे संशयानं बघावं. तो आला कुठून? उभं सूत्र होतं ‘सकाळ’, तीन घरं, आणि आपण ठामपणे ‘पहाट’ लिहिलं होतं. ‘प्रभात’ही तीनच घरांचा शब्द आहे. ‘प’ आणि ‘प्र’ कानाला शेजारी वाटतात, कोड्यात मात्र ती दोन वेगळी अक्षरं. पहाट खोडा, प्रभात लिहा. आडवा प्रभाकर आपोआप उगवतो.