स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत

ऑकलंडमध्ये घरून दिवाळीचा फराळ ऑनलाइन विकत असाल, तर गिऱ्हाइकाने ‘पैसे पाठवले’ असा स्क्रीनशॉट दाखवला म्हणून डबा हाती देऊ नका. न्यूझीलंडमध्ये एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पोचायला काही तास लागू शकतात, आणि भामटे हीच फट साधतात. मे 2023 पासून सुट्टीच्या दिवशीही रक्कम जमा होते. त्यामुळे ‘सोमवारी दिसेल’ ही सबब मानू नका. आपलं बँकेचं अ‍ॅप उघडा, रक्कम जमा दिसली की मगच माल द्या. ‘पैसे अडकलेत, लिंक उघडून पासवर्ड टाका’ असा एसएमएस आला, तर लिंकला हात न लावता तो 7726 वर फॉरवर्ड करा. त्याचे पैसे पडत नाहीत.