चिमणीच्या उजेडातली खोली

वाणगाव परिसरातल्या पाड्यांवरच्या जुन्या घरांची भिंत कुडाची असते: कारवीच्या काठ्या आणि त्यांवर शेणमातीचा लेप. अशा घरात रात्रीचे दृश्य चित्रित करताना सारा उजेड एका चिमणीचाच वाटायला हवा असेल, तर आधी भिंत आडवी येते. चुन्याची भिंत उजेड खोलीत परत पाठवते, सारवलेली भिंत तो गिळून टाकते. त्यामुळे ज्योतीकडचा गाल उजळतो आणि दुसरा काळोखात जातो.

मेणबत्तीएवढी ज्योत एक मीटरवर साधारण 1 लक्स उजेड देते. अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो, दुप्पट केले की पाव उरतो. आयएसओ 3200, छिद्र एफ 1.4 आणि शटर 1/50 सेकंद ठेवले, तर चेहरा पूर्ण उजळ दिसायला सुमारे 8 लक्स लागतात. चिमणीपासून अर्ध्या मीटरवर बसलेल्या आजीला 4 लक्स मिळतात. हा एक स्टॉपचा तुटवडा रात्रीला शोभतोच. दाराशी दोन मीटरवर उभ्या नातवाला मात्र पाव लक्सच मिळतो. पाच स्टॉप कमी, म्हणजे तो जवळजवळ दिसतच नाही.

स्टॅनली कुब्रिकने ‘बॅरी लिंडन’मध्ये (1975) एफ 0.7 चे भिंग वापरून मेणबत्त्यांवर दृश्ये टिपली, पण त्यात नट जरा पुढे झुकला तरी फोकसबाहेर जायचा. हे भिंग कुणाला सहज मिळणारेही नाही.

व्यवहारातला मार्ग असा की ज्योत चौकटीत दिसावी आणि काम लपलेल्या दिव्याने करावे. डिमरवरचा लहान टंगस्टन बल्ब चौकटीबाहेर, चिमणीच्याच बाजूला, पातळ कापडाआड ठेवतात. डिमर उतरवला की बल्ब तांबूस होत ज्योतीच्या रंगाजवळ येतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स 3200 केल्व्हिनवरच राहू द्यावा. तो ज्योतीच्या 1900 च्या आसपास उतरवला तर ज्योत पांढरी दिसते आणि रात्र हरवते. नातवासाठी त्याच दिशेने आणखी एक मंद बल्ब लावावा, पण त्याचा चेहरा आजीपेक्षा दोन स्टॉप खाली ठेवावा.

बिंग फुटते ते सावलीने. लपलेल्या दिव्याचा उजेड चिमणीवर पडला, तर खुद्द चिमणीचीच सावली भिंतीवर उमटते. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास उडतो. दिव्यासमोर काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा धरून तेवढाच झोत अडवला की काम भागते. ज्योतीची थरथर दाखवण्याचा सोसही आवरावा. वारा नसताना चिमणी बऱ्यापैकी स्थिर जळते.

खोलीत चिमणीऐवजी टीव्ही चालू असेल, तर त्याचा उजेड निळसर, रुंद आणि मऊ असतो. तो पडद्यावरचे दृश्य बदलते तेव्हाच बदलतो: काही सेकंद टिकतो, मग एकदम उडी घेतो. अखंड लुकलुक केली तर शेजारी वेल्डिंग चालल्यासारखे वाटते. संचाच्या बाजूला एलईडी पॅनल लपवून त्याची तीव्रता हाताने, असमान अंतराने बदलणे पुरते. स्वस्त एलईडीमुळे चित्रात पट्टे येऊ शकतात, म्हणून आधी चाचणी घ्यावी. भारतातली वीज 50 हर्ट्झची असल्याने विजेच्या दिव्यांना 1/50 चे शटर सहसा मानवते. सेकंदाला 24 चौकटी असतील तर त्यासाठी शटरचा कोन 172.8 अंश ठेवतात.