नोंद ठेवायची कुणी?

सरकारी परिपत्रकातली असतात तशी दोन वाक्यं मी आधी वाचून दाखवतो. नमुना माझाच आहे, पण त्यातला सूर तुमच्या ओळखीचा असेल.

‘टँकरच्या खेपांच्या नोंदी ठेवण्यात येत नसल्याचे निदर्शनास आणण्यात आले आहे. तरी सदर नोंदी ठेवण्यात येऊन, त्यांची पडताळणी करण्यात आल्यानंतर अहवाल सादर करण्यात यावा.’

दोन वाक्यांत पाच वेळा ‘ण्यात’ आलं, माणूस मात्र एकही आला नाही. नोंद, पडताळणी आणि अहवाल अशी तीन कामं आहेत. ती कुणी करायची? हा कागद ग्रामपंचायतीत पोचला की तिथले लोक म्हणतात, हे तालुक्याचं काम. तालुका म्हणतो, गावाचं. दोघांचंही चुकत नाही, कारण कागदात दोघांचीही नावं नाहीत.

‘करण्यात यावा’च्या जागी ‘करावा’ लिहिलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. वाक्य आखूड होतं, हे खरं. पण ‘अहवाल सादर करावा’ यातही कर्ता नाहीच. मराठीत खरी किल्ली क्रियापदाजवळ नसून ‘ने’ आणि ‘नी’ या प्रत्ययांजवळ आहे. अधिकाऱ्यांनी, कर्मचाऱ्याने असं लिहावंच लागलं की लपायला जागा उरत नाही. (‘सर्व संबंधितांनी’ हा मात्र नुसता मुखवटा!) ‘तहसीलदार यांचेमार्फत’ हेही फसवं आहे. तहसीलदारांनी अहवाल तयार करायचा, की दुसऱ्याचा फक्त पुढे पाठवायचा?

तेव्हा प्रत्येक ‘ण्यात’खाली रेघ मारावी आणि समासात तीन प्रश्न लिहावेत: कुणी, कधीपर्यंत, कुणाकडे? उत्तर मसुदा करणाऱ्या कक्षाकडूनच घ्यावं, भाषा सुधारणाऱ्याने अंदाजाने भरू नये. पुष्कळदा तिथेही उत्तर नसतं. म्हणजे निर्णयच झालेला नसतो आणि भाषेने तो झाल्याचा भास निर्माण केलेला असतो. आपल्या नमुन्याची उत्तरं मिळाली, असं धरू. मग मजकूर असा होईल:

‘टँकर रिकामा झाल्यावर ग्रामपंचायत कर्मचाऱ्याने खेपेची तारीख व वेळ वहीत लिहून चालकाची सही घ्यावी. गटविकास अधिकाऱ्यांनी दर सोमवारी या वह्या तपासाव्यात व त्याच दिवशी तहसीलदारांना अहवाल पाठवावा.’

आता मंगळवारी अहवाल आला नाही, तर फोन कुणाला करायचा हे तहसीलदारांना ठाऊक असेल.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 मध्ये हीच गोष्ट कायद्याने केली आहे. अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी कोण, मुदत किती आणि अपील कुणाकडे, हे जाहीर करावं लागतं.

सगळेच ‘ण्यात’ मात्र काढू नयेत. ‘रविवारी पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल’ या वाक्यात झडप कोण फिरवणार, याच्याशी आपल्याला कर्तव्य नसतं. आपल्याला शनिवारी पाणी भरून ठेवायचं असतं.