पद उतरते तेव्हाचे पत्र



आपल्या दोन जिल्ह्यांनी सहा-सात महिन्यांच्या अंतराने दोन जुन्या बँका गमावल्या. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक 3 ऑक्टोबर 2006 रोजी आयडीबीआयमध्ये गेली आणि 1916 पासूनची सांगली बँक एप्रिल 2007 मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. ठेवीदारांचे काय होणार, भागधारकांना काय मिळणार, याची चर्चा तेव्हा घरोघरी झाली. मी आज तिसऱ्या माणसाबद्दल बोलणार आहे. काल शाखेचा प्रमुख असलेला आणि विलीनीकरणानंतर कुणाच्या तरी हाताखाली बसणारा तो माणूस. त्याच्या हातात एक पत्र पडते. ते कसे लिहिलेले असावे, एवढाच आजचा विषय.

आधी कायद्याने काय राखून ठेवले आहे ते पाहू. युनायटेड वेस्टर्नवर रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून केंद्र सरकारने व्यवहारबंदी आणली आणि बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 45 खाली योजना करून तिचे विलीनीकरण झाले. या कलमात कर्मचाऱ्यांसाठी स्पष्ट तरतूद आहे. पूर्वीच्याच पगारावर आणि पूर्वीच्याच सेवाशर्तींवर त्यांची नोकरी चालू राहते. तीन वर्षांच्या आत त्यांना नव्या बँकेतील समान दर्जाच्या कर्मचाऱ्यांइतका पगार द्यावा लागतो, मात्र पात्रता आणि अनुभव त्यांच्या तोडीचे असले पाहिजेत. ते तसे आहेत की नाहीत यावर वाद झाला, तर मुदत संपण्याआधी तो रिझर्व्ह बँकेकडे जातो आणि तिचा निर्णय अंतिम. सांगली बँकेचे विलीनीकरण मात्र दोन्ही बँकांच्या संमतीचे, कलम 44 अ खालचे. त्या कलमात कर्मचाऱ्यांविषयी अशी तरतूद नाही. जे काही मिळायचे ते योजनेच्या मसुद्यात आणि प्रत्येकाच्या पत्रात लिहिलेले असावे लागते. म्हणून या दुसऱ्या प्रकारात पत्राचे वजन फार वाढते.

पण दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी आहे. एकाच बाजारपेठेत दोन शाखा असतील तर त्यांची एक शाखा होते आणि एका शाखेला दोन व्यवस्थापक लागत नाहीत. पगार राखला गेला तरी खुर्ची राखली जाईलच असे नाही.

समजा, इस्लामपुरातल्या अशा एका शाखेचा व्यवस्थापक आता उपव्यवस्थापक होणार आहे. सेवा 22 वर्षांची. ही व्यक्ती आणि पुढचे आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत.

पत्राची सुरुवात कारणाने व्हावी आणि ते कारण पदाचे असावे. ‘दोन शाखांचे एकत्रीकरण झाल्याने व्यवस्थापकाचे एक पद अमुक तारखेपासून रद्द होत आहे, नव्या शाखेच्या प्रमुखाची निवड अमुक निकषावर झाली आहे.’ एवढे पुरे. पुष्कळ पत्रांत इथेच एक वाक्य घुसते: ‘आपली गेल्या दोन वर्षांतील कामगिरी विचारात घेता...’ लिहिणाऱ्याला वाटते, आपण निर्णयाला बळकटी आणली. प्रत्यक्षात त्या एका वाक्याने पुनर्रचनेची शिक्षा होते. शिक्षा म्हणून पद उतरवायचे तर आरोपपत्र, चौकशी आणि बाजू मांडण्याची संधी हवी. ती दिलेली नसते आणि पत्र न्यायालयात टिकत नाही. त्यापेक्षा मला जास्त लागते ती गोष्ट वेगळीच आहे: ज्या माणसाचा काही दोष नाही, त्याच्या सेवापुस्तकात तो दोष कायमचा चिकटतो. वाचणाऱ्याने पत्र हातात आल्यावर हेच वाक्य आधी शोधावे आणि सापडले तर ते काढून टाकण्याची लेखी मागणी करावी.

दुसरा भाग पगाराचा. ‘आपल्या वेतनास संरक्षण राहील’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. आपल्या माणसाचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 60,000 रुपये आहेत असे धरा. नव्या पदाच्या श्रेणीत 55,000 बसतात. वरच्या 5,000 चे काय? ते सरळ कापले तर महिन्याचे नुकसान दिसतेच. न दिसणारे नुकसान ग्रॅच्युइटीचे. ती शेवटच्या वेतनावर मोजतात: वेतनाला 15 ने गुणायचे, 26 ने भागायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. 60,000 वर 22 वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे 7 लाख 61 हजार होते, 55,000 वर 6 लाख 98 हजार. म्हणजे पद उतरले आजपासून, पण किंमत कमी झाली मागच्या 22 वर्षांची. वरच्या पदावर केलेल्या कामाचा मोबदला असा मागे जाऊन कमी करणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून चांगल्या पत्रात ते 5,000 ‘वैयक्तिक वेतन’ म्हणून वेगळे दाखवतात. तिथेही एक ओळ नीट वाचावी. हे वैयक्तिक वेतन पुढच्या वेतनवाढींत सामावून घेणार की कायम राहणार? वार्षिक वाढ 1,600 ची असेल आणि सामावून घेण्याची अट असेल, तर पहिली तीन वर्षे हातात 60,000 च राहतील आणि चौथ्या वर्षी फक्त 1,400 वाढतील. संस्थेला ही अट घालायचीच असेल तर पत्रात हा हिशेब करून दाखवावा. शिवाय वैयक्तिक वेतन भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीसाठी धरले जाईल, हे लिहून घ्यावे. शाखाप्रमुखपदाचा भत्ता, पेट्रोल, टेलिफोन हे पदाबरोबर जातात. ते बंद होण्याची तारीख पत्रात असली की पुढे वसुलीचा वाद होत नाही.

तिसरा भाग, यापुढे कोणाच्या हाताखाली. इथे पत्रे फारच हलगर्जीपणे लिहिली जातात. ‘आपण शाखाप्रमुखांना जबाबदार राहाल’ यात रजा कोण मंजूर करणार आणि वार्षिक गोपनीय अहवाल कोण लिहिणार हे येत नाही. बदल ऑक्टोबरात झाला तर एप्रिल ते सप्टेंबरचा अहवाल जुन्या वरिष्ठाने लिहून द्यायला हवा. नाही तर नवा वरिष्ठ न पाहिलेल्या सहा महिन्यांचेही गुण देतो. बँकेत तर तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात. आपल्या माणसाकडची किल्ली कोणाच्या ताब्यात, किती वाजता, किती रोकड मोजून गेली, याची नोंद दोघांच्या सहीने व्हावी. कर्जमंजुरीचे अधिकार त्याच क्षणी संपतात हे लिहावे आणि त्याआधी त्याने मंजूर केलेल्या कर्जांची यादी पत्राला जोडावी. पुढे एखादे कर्ज थकले की कोणी दिले हा प्रश्न निघतोच.

कामगार या व्याख्येत बसणाऱ्यांना आणखी एक संरक्षण आहे. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 9 अ प्रमाणे वेतन किंवा श्रेणीनुसार वर्गीकरण बदलायचे तर 21 दिवस आधी सूचना द्यावी लागे; नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ही मुदत आहे. व्यवस्थापक सहसा या व्याख्येबाहेर असतो. पण न्यायालये पाटीवरचे पदनाम पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम पाहतात. नावाचा व्यवस्थापक आणि दिवसभर कारकुनी, अशी स्थिती असेल तर तो प्रश्न जरूर उपस्थित करावा.

आता सहीचे. पत्राच्या खाली दोन वेगळ्या ओळी हव्यात: एक पत्र मिळाल्याची, दुसरी अटी मान्य असल्याची. बहुतेक ठिकाणी एकच रेघ असते आणि तिच्यावर ‘वाचले व मान्य’ छापलेले असते. तिथे ‘मान्य’ खोडून ‘पत्र मिळाले, हक्क राखून’ असे लिहून तारखेसह सही करता येते. प्रत स्वतःकडे ठेवावी, आणि वैयक्तिक वेतनाच्या ओळीबद्दल काही विचारायचे असेल तर ते त्याच आठवड्यात लेखी विचारावे. पगारपत्रकावर नवा आकडा एकदा चढला की महिनोन्‌महिने तो तसाच पुढे जातो, आणि तो घेत राहिलात म्हणजे तुम्हाला मान्य होता, असे म्हणायला समोरचा मोकळा होतो.