रजेचे दोन हिशेब : नैमित्तिक रजा, शिल्लक रजा आणि रोखीकरण



वर्षअखेर जवळ आली की शाळाशाळांतून एकच प्रश्न विचारला जातो : ‘उरलेली किरकोळ रजा पुढच्या वर्षात जमा होते काय? निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे मिळतात काय?’ दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. परंतु तेवढ्यावर थांबल्यास शिक्षकाचे नुकसान होण्याचा संभव असतो. कारण जी रजा पुढे जाते आणि जिचे पैसे होतात ती दुसरीच असते, आणि तिच्या नोंदीकडे बहुधा दुर्लक्ष होते.

प्रथम नैमित्तिक रजेचा विचार करू. तिलाच व्यवहारात किरकोळ रजा म्हणतात. घरातील आजारपण, लग्नकार्य, कोर्टकचेरीचे काम अशा अकस्मात अडचणींसाठी ही सवलत दिलेली आहे. रजेच्या नियमांत ज्या रजा सांगितल्या आहेत त्यांत हिची गणना होत नाही. या रजेवरील सेवक कामावर आहे असेच समजतात, आणि म्हणून त्याच्या वेतनात खंड पडत नाही. याच कारणामुळे ही रजा इतर कोणत्याही रजेला जोडून घेता येत नाही. वर्षाला ती किती दिवस मिळावी हे लागू असलेल्या आदेशाने ठरते. वर्ष संपले की शिल्लक दिवस रद्द होतात. हे दिवस साठत नसल्याने त्यांची किंमत पैशांत करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ‘रजा फुकट जाऊ नये’ म्हणून डिसेंबरात ती संपवण्याचा प्रघात काही ठिकाणी दिसतो. त्यात शिक्षकाच्या पदरी पैसा पडत नाही, आणि द्विशिक्षकी शाळेत दोन वर्गांचा भार मात्र एकट्या सहकाऱ्यावर पडतो.

दुसरा हिशेब अर्जित रजेचा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये तिची व्यवस्था आहे. ही रजा सेवेतून कमावली जाते, सेवापुस्तकातील रजालेख्यात जमा होते, खर्च होईल तशी वजा होते आणि शिल्लक राहील ती पुढील वर्षात नेली जाते. साठ्याची कमाल मर्यादा ३०० दिवसांची आहे. वर्षभर कचेरीत काम करणाऱ्या सेवकास १ जानेवारी आणि १ जुलै या दोन तारखांना प्रत्येकी १५ दिवस आगाऊ जमा मिळतात. शिक्षकास मात्र उन्हाळ्याची व दिवाळीची दीर्घ सुटी असते. म्हणून ज्या वर्षी ती सुटी पूर्ण उपभोगली, त्या वर्षाच्या सेवेबद्दल मूळ नियमानुसार अर्जित रजा मिळत नाही.

परंतु जनगणना, निवडणूक, प्रशिक्षण किंवा अन्य शासकीय कामासाठी वरिष्ठांच्या आदेशाने शिक्षकाला दीर्घ सुटीत कामावर राहावे लागले, तर सुटीचा जेवढा भाग बुडाला त्या प्रमाणात अर्जित रजा त्याच्या खाती जमा होते. हे प्रमाण असे : संपूर्ण दीर्घ सुटी बुडाली असती तर ३० दिवस; काही भाग बुडाला तर त्याच प्रमाणात तितके कमी.

आता एक उदाहरण पाहू. आकडे समजुतीपुरते घेतले आहेत. एका द्विशिक्षकी शाळेतील शिक्षिकेच्या रजालेख्यात वर्षारंभी ८८ दिवस अर्जित रजा शिल्लक आहे. त्या वर्षी उन्हाळ्याची सुटी ४२ दिवस आणि दिवाळीची १८ दिवस, मिळून ६० दिवस दीर्घ सुटी आहे. उन्हाळ्यात १२ दिवस त्यांना लेखी आदेशाने शासकीय काम करावे लागले. त्यांची कमाई अशी :

३० × १२ ÷ ६० = ६ दिवस

वर्षभरात त्यांनी अर्जित रजा घेतली नाही. तेव्हा ८८ अधिक ६ म्हणजे ९४ दिवस पुढील वर्षात जातील. याच वर्षी त्यांना नैमित्तिक रजेचे १२ दिवस होते असे धरू. पैकी ९ घेतले व ३ उरले. हे ३ दिवस ३१ डिसेंबरला संपले. ते ९४ मध्ये मिळवून ९७ लिहिणे ही उघड चूक ठरेल, आणि तपासणीत असा आकडा कापला जाईल. वेगळ्या आदेशान्वये अर्जित रजेचे आणखी दिवस मिळत असल्यास त्यांची जमा स्वतंत्र नोंदीने होते; ते या हिशेबात धरलेले नाहीत.

यापुढे या शिक्षिकेच्या लेख्यात काही फरक पडला नाही आणि त्या ९४ दिवस शिल्लक असताना नियत वयोमानाने निवृत्त झाल्या असे समजू. रोखीकरणासाठी निवृत्तीच्या दिवशीचे मूळ वेतन व त्यावरील महागाई भत्ता एकत्र करून ३० ने भागतात, आणि शिल्लक दिवसांनी गुणतात. घरभाडे भत्ता यात धरत नाहीत. मूळ वेतन ६०,००० रुपये व महागाई भत्ता ३०,००० रुपये धरल्यास एकूण ९०,००० रुपये होतात, म्हणजे दर दिवसाला ३,००० रुपये. ९४ दिवसांचे २,८२,००० रुपये होतील. त्यांपैकी त्या उन्हाळ्यातील ६ दिवसांचा वाटा १८,००० रुपयांचा आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ते ६ दिवस जमा झाले तेव्हा शिक्षिकेचे वेतन पुष्कळ कमी असेल. तरीही त्यांची किंमत अखेरच्या वेतनाच्या दराने होते. सेवेत असताना मृत्यू ओढवल्यास शिल्लक रजेची ही रक्कम कुटुंबास मिळते. म्हणून आजची एक ओळीची नोंद वीस-पंचवीस वर्षे टिकावी लागते, आणि नेमके येथेच बिघडते. काम केले जाते, परंतु आदेश शाळेच्या दप्तरात राहतो. मुख्याध्यापक बदलतात, कागद गहाळ होतो, आणि निवृत्तीच्या वेळी ते दिवस सिद्ध करता येत नाहीत.

यासाठी करावयाचे काम थोडके आहे. सुटीतील कामाचा लेखी आदेश हाती घ्यावा. तोंडी सूचनेवरून अथवा गावकऱ्यांच्या विनंतीवरून शाळेत घालवलेले दिवस, ते कितीही उपयुक्त असले तरी, या हिशेबात येत नाहीत. काम संपताच किती तारखेपासून किती तारखेपर्यंत हजेरी होती याचे प्रमाणपत्र घ्यावे. आदेश व प्रमाणपत्र यांच्या प्रती जोडून मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा आणि त्याची पोच जपावी. पुढे वर्षातून एकदा सेवापुस्तक पाहावे. रजालेख्यात आदेशाचा क्रमांक, दिनांक, जमा झालेले दिवस आणि अधिकाऱ्याची सही या चारही गोष्टी आहेत काय, हे तपासावे. सही नसलेली नोंद पेन्शन प्रकरणाच्या वेळी अडून राहते.

साठा ३०० दिवसांच्या जवळ आलेल्या शिक्षकाने आणखी एक दक्षता घ्यावी. मर्यादेपलीकडे मिळालेले दिवस पुढे नेता येत नाहीत. अशा वेळी गरजेच्या प्रसंगी अर्जित रजा मागणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

नैमित्तिक रजेच्या उरलेल्या ३ दिवसांची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते दिवस नियमानेच संपतात. उन्हाळ्यातील ते ६ दिवस मात्र केवळ नोंद न झाल्यामुळे बुडतात. तेव्हा चालू वर्षात सुटीतील कामाचा आदेश ज्यांच्याकडे असेल, त्यांनी तो या महिन्यातच सेवापुस्तकाशी ताडून पाहावा.