टक्का आणि टक्केबिंदू : व्याजदर व मतांच्या बातम्यांचे वाचन

(भिलाई येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेत सरळव्याजाची उदाहरणे सोडविताना आपण सर्वांनी 'द.सा.द.शे.' ही अक्षरे असंख्य वेळा लिहिली आहेत. दर साल, दर शेकडा. आजच्या विषयाची गुरुकिल्ली याच जुन्या शब्दप्रयोगात आहे. व्याजाचा दर द.सा.द.शे. ८ होता आणि तो ९ झाला, याचा अर्थ शंभर रुपयांमागे पूर्वी ८ रुपये द्यावे लागत, आता ९ द्यावे लागतात. शेकड्यामागे १ रुपयाचा फरक पडला. या फरकाला 'एक टक्केबिंदू' असे म्हणतात. परंतु हाच १ रुपया मूळच्या ८ रुपयांशी ताडून पाहिला, तर वाढ साडेबारा टक्के ठरते. दोन्ही विधाने बरोबर आहेत. पहिल्यात फरक शंभराशी मोजला आहे, दुसऱ्यात जुन्या दराशी.

अडचण अशी की, रोजच्या बोलण्यात आपण दोन्हींसाठी 'टक्के' हा एकच शब्द वापरतो. 'रेपो दरात पाव टक्का वाढ' असे मराठी वर्तमानपत्र लिहिते, तेव्हा त्याला ०.२५ टक्केबिंदू अभिप्रेत असतात. येथे सकाळी आपल्या हाती हिंदी वर्तमानपत्र पडते, त्यातही 'प्रतिशत' आणि 'प्रतिशत अंक' हा भेद क्वचितच पाळलेला दिसतो. त्यामुळे केवळ शब्दावर विसंबून चालत नाही. बातमीतील जुना आणि नवा असे दोन्ही आकडे शोधावे लागतात. ते दिलेले नसतील, तर 'इतक्या टक्क्यांनी वाढ' या विधानातून निश्चित अर्थ काढता येत नाही, एवढे तरी ओळखावे.

व्याजदराचे प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने पतधोरण समितीच्या नियोजित नसलेल्या बैठकीनंतर रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० टक्क्यांवर नेला. ही वाढ ०.४० टक्केबिंदूंची. बँकिंगच्या भाषेत ४० आधारबिंदूंची, कारण एका टक्केबिंदूचे शंभर भाग केले की एक आधारबिंदू मिळतो. जुन्या दराच्या तुलनेत मात्र ही वाढ बरोबर १० टक्के होती. पुढे दर टप्प्याटप्प्याने वाढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० टक्क्यांवर पोहोचला. एकूण वाढ अडीच टक्केबिंदूंची, आणि तुलनेने साडेबासष्ट टक्क्यांची.

आता हीच वाढ एखाद्या कर्जदाराच्या घरात कशी शिरते ते पाहू. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी, बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य मानदंडाशी जोडणे बंधनकारक झाले आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर निवडला. कर्जाचा दर म्हणजे रेपो दर आणि त्यावर बँकेने ठेवलेली ठराविक भर. समजा, एका कुटुंबाने २० लाख रुपये २० वर्षांच्या मुदतीने घेतले आहेत. रेपो ४ टक्के असताना बँकेची भर ३ टक्के होती, म्हणून त्यांचा दर ७ टक्के होता. रेपो अडीच बिंदूंनी वाढला, भर तीच राहिली, तेव्हा कर्जाचा दरही अडीच बिंदूंनीच वाढून साडेनऊ झाला. परंतु ७ वरून ९.५ ही वाढ साडेबासष्ट टक्के नव्हे, तर सुमारे ३५.७ टक्के आहे. आणि हप्ता? सात टक्क्यांनी तो महिना सुमारे १५,५०६ रुपये येतो, साडेनऊ टक्क्यांनी सुमारे १८,६४३. म्हणजे ३,१३७ रुपयांची, अर्थात साधारण २० टक्क्यांची वाढ.

घटना एकच, पण तिच्याविषयी 'साडेबासष्ट टक्के', 'पस्तीस टक्के' आणि 'वीस टक्के' अशी तीन सत्य विधाने करता येतात. पाया बदलला की शेकडा प्रमाण बदलते. टक्केबिंदू मात्र रेपो दराकडून कर्जाच्या दराकडे जसेच्या तसे जातात, कारण मधली भर ही बेरजेची आहे, गुणाकाराची नाही. रिझर्व्ह बँक आपले निर्णय आधारबिंदूंत जाहीर करते, त्याची ही व्यवहारातील सोय आहे. अर्थात, कर्जदाराला प्रत्यक्षात हे २० टक्के नेहमीच दिसतात असे नाही. पुष्कळदा बँक हप्ता तोच ठेवून मुदत वाढविते, आणि मग दरवाढीचा भार पासबुकात न दिसता पुढच्या वर्षांवर ढकलला जातो.

आणखी एक बाब. ४ वरून ६.५० ही चढण ६२.५ टक्के असली, तरी ६.५० वरून पुन्हा ४ वर येण्याची उतरण केवळ ३८.५ टक्के ठरते. बिंदूंत दोन्हीकडे अडीचच. २०२५ मध्ये रेपो दर चार टप्प्यांत ६.५० वरून ५.२५ वर आला. ही सव्वा बिंदूची कपात म्हणजे अडीच बिंदूंच्या वाढीची नेमकी निम्मी भरपाई. हेच टक्क्यांत सांगायचे, तर वाढ ६२.५ आणि घट १९.२, आणि या दोन आकड्यांवरून 'निम्मी' हे कोणालाही कळणार नाही.

आता मतांकडे वळू. यासाठी दूर जावयास नको. आपल्या छत्तीसगड राज्याच्या विधानसभेचे लागोपाठचे तीन निकाल पुरेसे आहेत. २०१३ मध्ये भारतीय जनता पक्षाला ४१.०४ टक्के आणि काँग्रेसला ४०.२९ टक्के मते मिळाली होती. अंतर पाऊण टक्केबिंदूचे. ९० जागांपैकी भाजपला ४९ आणि काँग्रेसला ३९ मिळाल्या. २०१८ मध्ये भाजप ३२.९७ टक्क्यांवर उतरला, काँग्रेस ४३.०४ टक्क्यांवर गेली आणि तिला ६८ जागा मिळाल्या. भाजपच्या वाट्याला १५ आल्या.

'२०१८ मध्ये भाजपची मते किती घटली?' हा प्रश्न परीक्षेत आला तर काय लिहाल? मतांच्या वाट्यात ८.०७ टक्केबिंदूंची घट झाली, हे पहिले उत्तर. तो वाटा पूर्वीच्या तुलनेत सुमारे १९.७ टक्क्यांनी आक्रसला, हे दुसरे. तिसरे उत्तर या दोहोंहून वेगळे आहे. प्रत्यक्ष मते सुमारे ५३ लाख ६५ हजारांवरून सुमारे ४७ लाखांवर आली, म्हणजे घट साधारण १२ टक्क्यांची. वाटा एक पंचमांशाने घटला, पण मते एक अष्टमांशानेच घटली, असे का व्हावे? कारण या पाच वर्षांत मतदारांची आणि झालेल्या मतदानाची संख्याच वाढली होती. भागिले ज्याने करायचे तो आकडा मोठा झाला. जागा तर ४९ वरून १५ वर, म्हणजे सुमारे ६९ टक्क्यांनी घटल्या. बातमीदाराने यांपैकी कोणताही आकडा निवडला, तरी तो खोटे लिहीत नाही. कोणता निवडला हे मात्र वाचकाने पाहावे लागते.

येथे टक्केबिंदूंचा एक विशेष उपयोग होतो. सर्व पक्ष, अपक्ष आणि 'नोटा' यांच्या वाट्यांची बेरीज दर निवडणुकीत शंभरच असते. म्हणून बिंदूंच्या हिशेबात एकाने गमावले ते इतर कोणीतरी मिळविलेलेच असणार. भाजपने ८.०७ बिंदू गमावले, काँग्रेसने मिळविले केवळ २.७५. मग उरलेले पाच बिंदूंहून अधिक गेले कोठे? ताळेबंद जुळत नसेल तर तिसरे खाते शोधावे लागते. २०१८ च्या रिंगणात अजित जोगी यांचा जनता काँग्रेस छत्तीसगड हा पक्ष प्रथमच उतरला होता आणि त्याने साडेसात टक्क्यांच्या वर मते घेतली. या पक्षाच्या मतांत 'किती टक्के वाढ' झाली, हे तर सांगताच येत नाही, कारण पूर्वीचा आकडा शून्य आहे आणि शून्याने भागता येत नाही. टक्केबिंदूंच्या भाषेत मात्र उत्तर सरळ मिळते.

तरीही या ताळेबंदाची मर्यादा ध्यानी ठेवावी. तो निव्वळ फरक दाखवितो. भाजपचा मतदार थेट जोगींच्या पक्षाकडे गेला, असे त्यावरून सिद्ध होत नाही. भाजपचे काही मतदार काँग्रेसकडे आणि काँग्रेसचे काही जोगींकडे गेले असतील, तरीही खात्यावर हेच आकडे उमटतील. कोण कोठून कोठे गेला हे मतदारांना विचारूनच कळते.

२०२३ चा निकाल अधिक बोलका आहे. भाजपला ४६.२७ टक्के मते व ५४ जागा, तर काँग्रेसला ४२.२३ टक्के मते व ३५ जागा मिळाल्या. सत्ता गेली, म्हणून काँग्रेसची मते मोठ्या प्रमाणात ओसरली असावीत, असा सर्वसाधारण समज होतो. वस्तुतः तिचा वाटा केवळ ०.८१ बिंदूने घटला, आणि तिची प्रत्यक्ष मते तर सुमारे ६१ लाखांवरून सुमारे ६६ लाखांवर गेली. 'काँग्रेसची मते वाढली' आणि 'काँग्रेसच्या मतांची टक्केवारी घटली' ही दोन्ही वाक्ये एकाच निकालाविषयी खरी आहेत. फरक पडला तो भाजपच्या बाजूने. त्याचा वाटा १३.३० बिंदूंनी, म्हणजे आपल्याच आधीच्या वाट्याच्या सुमारे ४०.३ टक्क्यांनी वाढला. 'भाजपच्या मतांत ४० टक्के वाढ' असे शीर्षक घाईत वाचणाऱ्यास ती ४० टक्के मते वाटतील, किंवा मतदारांपैकी ४० टक्के लोकांनी पक्ष बदलला असे वाटेल. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत.

शेवटी, परीक्षकांना प्रिय असलेला एक सापळा याच आकड्यांतून दाखवितो. भाजपचा वाटा प्रथम १९.७ टक्क्यांनी घटला आणि मग ४०.३ टक्क्यांनी वाढला, तर दहा वर्षांत एकूण वाढ किती? वजाबाकी करून २०.६ टक्के लिहिणारे पुष्कळ भेटतात. पहिला आकडा ४१.०४ च्या पायावर आहे, दुसरा ३२.९७ च्या, म्हणून त्यांची बेरीज-वजाबाकी होत नाही. ०.८०३ ला १.४०३ ने गुणावे. उत्तर सुमारे १.१२७ येते, म्हणजे वाढ १२.७ टक्के. बिंदूंच्या वाटेने गेल्यास काम आणखी सोपे आहे. उणे ८.०७ अधिक १३.३० बरोबर ५.२३, आणि ४१.०४ मध्ये ५.२३ मिळविले की ४६.२७ हा प्रत्यक्ष निकालच हाती येतो.