ताटाचा फोटो आणि पोळीतली कणीक



अध्यक्षीय भाषणात आपल्या आहारतज्ज्ञांच्या व्यवसायाचा एकूण आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. ती बाजूला ठेवून आज मी एकाच ताटाविषयी बोलणार आहे. पोळी, भात आणि गोड पदार्थ असलेलं ताट. ते फोटोतून आपल्या फोनवर येतं, खाली ओळ असते, "मॅडम, किती कार्ब?" आणि समोरचा माणूस हातात इन्सुलिनचं पेन धरून उत्तराची वाट पाहत असतो.

काही वर्षांपूर्वी गुढीपाडव्याला दुपारी मला असाच एक फोटो आला. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि नवव्या वर्षापासून तिला टाइप १ मधुमेह होता. तिचं प्रमाण ठरलेलं होतं, १२ ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट. ताटात घडी घातलेल्या दोन पोळ्या, वरण घातलेली भाताची मूद, बटाट्याची भाजी आणि श्रीखंडाची वाटी. मी मनातल्या मनात आकडे मांडले. पोळ्यांचे १५ प्रमाणे ३०, भाताचे २८, श्रीखंडाचे ४०, वरण आणि भाजी मिळून १५. बेरीज ११३. तिने ९ युनिट घेतले. जेवणाआधी तिची साखर १२४ होती, तीन तासांनी २९६ झाली.

साखर चढली म्हणजे मोजणीच चुकली, असं लगेच धरायचं नसतं. सुई टोचण्याची वेळ चुकलेली असू शकते, टोचायची जागा कडक झालेली असू शकते, किंवा मुळात प्रमाणच बदललेलं असू शकतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिला वजनकाट्यावर मोजून साधं पोळी-भाजीचं जेवण घ्यायला सांगितलं. त्याच प्रमाणाने इन्सुलिन घेतलं आणि साखर ठिकाणावर राहिली. प्रमाण बरोबर होतं, चूक माझ्या ११३मध्ये होती. मग तिच्या आईला फोन केला आणि आम्ही दोघींनी ते पाडव्याचं ताट पुन्हा मांडलं.

आधी पोळी पाहू. आपल्या तक्त्यांमध्ये एका पोळीला १५ ग्रॅम लिहिलेले असतात. तो आकडा साधारण २३–२४ ग्रॅम कणकेच्या फुलक्याचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कणकेत सुमारे ६४ ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि त्यात तंतू धरलेले नाहीत. जुन्या पुस्तकातला ६९चा आकडा अजून अनेकांच्या डोक्यात आहे. एकाच हिशेबात हे दोन आकडे मिसळू नका. मुलीच्या घरी तेल लावून घडीची पोळी होते. आईला विचारलं, "एक किलो कणकेच्या किती पोळ्या होतात?" त्या म्हणाल्या, "सव्वीस. पाहुणे असले की चोवीस." म्हणजे एका पोळीत ३८ ग्रॅम कणीक आणि साडेचोवीस ग्रॅम कर्बोदकं. दोन पोळ्यांचे ४९. मी ३० धरले होते.

पोळीची जाडी कोणत्याही फोटोत दिसत नाही. वरून घेतलेल्या फोटोत फक्त वर्तुळ दिसतं, आणि त्या वर्तुळातही फसगत होते. १५ सेंटीमीटरची पोळी आणि १८ सेंटीमीटरची पोळी शेजारी ठेवल्या तर दुसरी "जराशी मोठी" वाटते, पण जाडी तीच असेल तर दुसरीत ४४ टक्के कणीक जास्त असते, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. शिवाय मोठ्या स्टीलच्या ताटात पोळी लहान दिसते आणि नाश्त्याच्या बशीत तीच मोठी दिसते. पोळीची घडी असेल तर व्यासही कळत नाही. म्हणून पोळीचा हिशेब मी फोटोवरून करणं सोडून दिलं आहे. किलोभर कणकेच्या किती पोळ्या, हा प्रश्न घरातल्या पोळ्या करणाऱ्या व्यक्तीला एकदा विचारायचा आणि उत्तर त्या पेशंटच्या कागदावर लिहून ठेवायचं. लाटताना लावलेलं पीठही त्याच किलोतून घेतलेलं असतं, त्यामुळे तेही आपोआप मोजलं जातं. फोटोने फक्त पोळ्यांची संख्या सांगायची. तीही उलगडून, एकीखाली एक न लपवता.

भाताची गोष्ट वेगळी आहे. मुदीला आकार असतो, उंची असते, त्यामुळे भात फोटोत बऱ्यापैकी मोजता येतो. अट अशी की फोटो दोन हवेत. एक सरळ वरून, दुसरा जेवायला बसल्यावर दिसतं तसा तिरका. वरच्या फोटोत पसारा दिसतो, तिरक्यात उंची. ताटात शेजारी ठाऊक मापाची एखादी वस्तू हवी. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, बँकेचं कार्ड ८५.६ मिलिमीटर लांब असतं. ती वस्तू पदार्थाच्या पातळीत ठेवायची. उंच वाटीच्या कडेवर नाणं ठेवलं तर ते कॅमेऱ्याच्या जवळ येतं, मोठं दिसतं, आणि त्या मापाने मोजलेला भात कमी भरतो. या घरी मूद वाटीत दाबून पाडतात. मी ती मोकळ्या भाताची समजून १०० ग्रॅम धरली होती, काट्यावर ती १५० ग्रॅम भरली. मोकळ्या शिजलेल्या भातात शंभराला सुमारे २८ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे ४२. तोच भात आसट असता तर पाणी जास्त, आणि तेवढ्याच वजनात ३३च्या आसपास भरले असते. भात मोकळा की आसट, हे डोळ्याला दिसतं. पण वरण ओतल्यावर दिसत नाही. वरण ओतायच्या आधी फोटो काढा, एवढं एक वाक्य पेशंटला सांगून ठेवलं तरी निम्मं काम होतं.

आता श्रीखंड. सगळ्यात मोठी चूक इथे होती, आणि ती फोटो कितीही चांगला असता तरी सुधारली नसती. श्रीखंडात साखर किती, हे रंगावरून कळत नाही, पोतावरूनही नाही. चक्क्याला बरोबरीने साखर घालणारी घरं आहेत आणि पाऊणपट घालणारीही. बरोबरीने घातली तर श्रीखंडाचं निम्मं वजन साखरेचं. पाऊणपट घातली तर सुमारे ४३ टक्के. या घरी चक्क्याइतकीच साखर होती. वाटी काठोकाठ भरली होती आणि तिच्यात १२० ग्रॅम श्रीखंड मावलं. ६० ग्रॅम साखर आणि चक्क्यातल्या दुधाच्या साखरेचे दोनेक ग्रॅम, मिळून ६२. मी ४० धरले होते, कारण वाटी वरून लहान दिसत होती. वाटीची खोली वरून कळत नाही. आणि आपल्याकडे पसरट वाट्या असतात तशा उभट वाट्याही असतात. यावर उपाय सोपा आहे. घरातली रोजची वाटी एकदा काट्यावर ठेवून पाण्याने भरायची; जितके ग्रॅम पाणी, तितके मिलिलिटर ती वाटी. मग फोटोत वाटी कुठपर्यंत भरली आहे एवढंच पाहायचं.

पुन्हा बेरीज केली. ४९, ४२, ६२ आणि १५. एकूण १६८. पंचावन्न ग्रॅम कमी धरले गेले होते, म्हणजे जवळपास ५ युनिट.

पंचावन्न ग्रॅमची चूक किती मोठी, हे ठरवायला आपल्याकडे एक चांगलं मोजमाप आहे. ऑस्ट्रेलियातल्या आहारतज्ज्ञ कार्मेल स्मार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्सुलिनवरच्या मुलांमध्ये हे तपासलं. ६० ग्रॅमच्या जेवणात १० ग्रॅम इकडे-तिकडे झाले तर जेवणानंतरच्या साखरेत फारसा फरक पडला नाही. २० ग्रॅमने चुकलं तेव्हा मात्र स्पष्ट फरक पडला. म्हणजे आपण एकेका ग्रॅमच्या मागे लागण्याची गरज नाही, पण वीसच्या आत राहिलंच पाहिजे. रोजच्या ताटात ते जमतं, कारण पोळीत थोडं जास्त धरलं जातं, भातात थोडं कमी, आणि चुका एकमेकींना सांभाळून घेतात. सणाच्या ताटात तसं होत नाही. पोळी जाड, मूद दाबलेली, वाटी काठोकाठ. सगळ्या चुका एकाच दिशेला जातात आणि एकमेकींवर चढतात. म्हणून सणाचं ताट दिसलं की रोजचा तक्ता मी वापरत नाही.

उलट चूक जास्त धोक्याची आहे, हेही इथेच सांगते. मुलीने श्रीखंडाचे ६२ धरून इन्सुलिन घेतलं आणि अर्धीच वाटी खाल्ली, तर अडीच युनिट जास्त गेले. दुपारी घरी एकटी झोपलेली असताना साखर उतरली तर ते फार भीतीदायक असतं. त्यामुळे जेवणानंतरच्या ताटाचाही फोटो मी मागते; काय उरलं ते त्यात दिसतं. आणि आग्रह! आपल्याकडे फोटो काढल्यानंतर वाढपी येतो आणि नको नको म्हणताना ताटात चमचाभर श्रीखंड पडतं. तो चमचा कोणत्याच फोटोत नसतो. त्याला विचारूनच गाठावं लागतं, आणि विचारताना आवाजात रागाचा अंशही असून चालत नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगितलाच जात नाही.

आता मी उत्तर एका आकड्यात देत नाही. "१४० ते १६० धर, श्रीखंडाची खात्री नाही" असं लिहिते, आणि त्यातला कोणता आकडा घ्यायचा, जेवणानंतर पुन्हा किती वेळाने तपासायचं, हे तिच्या डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत ठरतं. इन्सुलिन न घेणाऱ्या, फक्त गोळ्यांवर असलेल्या पेशंटसाठी एवढा ताळेबंद मांडत बसू नका. तिथे दोन पोळ्यांच्या दोनच राहिल्या आणि गोड असेल त्या दिवशी भात कमी झाला, तर पुरतं.

त्याच वर्षी दसऱ्याला त्या मुलीचा पुन्हा फोटो आला. दोन फोटो होते, एक वरून, एक तिरका. पोळ्या उलगडलेल्या, भातावर अजून वरण नव्हतं, कडेला दहा रुपयांचं नाणं. खाली तिने लिहिलं होतं, "मॅडम, मूद अर्धी आहे. श्रीखंड अर्धी वाटी, ६० ग्रॅम. आईने या वेळी साखर पाऊणपट घातलीय." मी हिशेब केला. पोळ्यांचे ४९, भाताचे २१, श्रीखंडाचे २८, वरण-भाजीचे १५. बेरीज पुन्हा ११३ आली. तिने तेच ९ युनिट घेतले. तीन तासांनी साखर १५८ होती.